चुकाऱ्याच्या शंभरातले चाळीस

भातकुली तालुक्यातल्या कोरडवाहू कास्तकाराच्या घरात वर्षभराचा पैसा पाच-सहा महिन्यांत येऊन जातो. सोयाबीन ऑक्टोबरच्या आसपास निघतं, कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि फेब्रुवारीपर्यंत रेंगाळते, जानेवारी-फेब्रुवारीत तूर येते, मागून हरभरा. एप्रिलनंतर घरात रोकड येण्याचं मोठं कारण उरत नाही. जून उजाडला की उलट बियाणं आणि खतासाठी घरातूनच पैसा बाहेर पडतो. घरखर्चाला मात्र असा हंगाम नाही. तेल, चहा-साखर, गॅस, पोरांचे एसटीचे पास, म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या हे सगळं जुलैतही लागतं आणि नोव्हेंबरातही.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात उत्पन्न आणि उपभोग यांच्या नात्याला उपभोग फलन म्हणतात. ते समजून घ्यायला पगारदार घरापेक्षा असं घर बरं. पगारदाराच्या घरात उत्पन्न आणि खर्च दोन्ही महिन्याच्या तालावर शेजारी शेजारी चालतात, त्यामुळे कोण कोणाला ओढतंय ते दिसत नाही. इथे दोघांची फारकत झालेली असते. म्हणून वर्षाच्या शेवटी वही उघडली की नातं स्पष्ट दिसतं, आणि त्या नात्यातले घोळही दिसतात.

एक घर कल्पून चालू. सहा एकर वावर, काळी भारी जमीन, पण पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा असल्यामुळे विहिरीचं पाणी ओलिताला उपयोगाचं नाही. नवरा-बायको, नवऱ्याची आई, शाळेत जाणारी दोन मुलं. कापूस, त्यात तुरीच्या ओळी, काही सोयाबीन, आणि रिकाम्या दिवसांत दुसऱ्याच्या वावरात रोजमजुरी. घरातली बाई वही ठेवते असं धरू. हा भाग कल्पनेतला म्हणावा एवढा दुर्मीळ नाही. बचत गटामुळे ती सवय अनेक घरांत लागली आहे.

वहीतून काही निघायचं असेल तर आधी तीन गोष्टी निस्तराव्या लागतात, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच फसतो. पहिली गोष्ट, शेतीखर्च आणि घरखर्च वेगळे काढणे. पऱ्हाटीचं बियाणं, फवारणीचं औषध, वेचाईची मजुरी हा उपभोग नव्हे. ते आधी विक्रीच्या रकमेतून वजा करायचं आणि उरेल ते उत्पन्न म्हणायचं. व्यापाऱ्याकडून मिळालेल्या कापसाच्या चुकाऱ्याचा सगळा आकडा उत्पन्न म्हणून लिहिला तर घर श्रीमंत दिसतं आणि उधळंही दिसतं. दुसरी गोष्ट, घरी ठेवलेलं धान्य. पोत्यातली तूर डाळ होऊन ताटात आली, ती विकली नाही म्हणून फुकटची होत नाही. बाजारभावाने तिची किंमत उत्पन्नातही धरायची आणि खर्चातही. तिसरी गोष्ट, पीककर्जाची रक्कम. ती खात्यात जमा होते तेव्हा उत्पन्नासारखी दिसते, पण ते देणं आहे. एवढं केल्यावर समजा तीन सालांचे आकडे असे निघाले.

पडत्या सालात, पावसाने मध्येच दडी मारली तेव्हा, घराचं उत्पन्न १,००,००० रुपये आणि घरखर्च १,३५,०००. मधल्या सालात उत्पन्न १,६०,००० आणि खर्च १,५९,०००. चांगल्या सालात, पीक आणि भाव दोन्ही साधले तेव्हा, उत्पन्न २,४०,००० आणि खर्च १,९१,०००. खऱ्या वहीतले आकडे इतके ओळीत बसत नाहीत. इथे ते मुद्दाम सरळ घेतले आहेत, म्हणजे आकडेमोडीत जीव अडकणार नाही.

पडत्या सालाकडून मधल्या सालाकडे जाताना उत्पन्न ६०,००० नी वाढलं, खर्च २४,००० नी. मधल्याकडून चांगल्याकडे जाताना उत्पन्न ८०,००० नी वाढलं, खर्च ३२,००० नी. दोन्ही वेळा वाढीव शंभर रुपयांतले चाळीस खर्च झाले. वाढीव उत्पन्नातला खर्च होणारा हा वाटा म्हणजे सीमांत उपभोग प्रवृत्ती, या घराची ०.४. इथे 'वाढीव' या शब्दावर सगळी भिस्त आहे. एकूण खर्च भागिले एकूण उत्पन्न केलं तर वेगळा आकडा मिळतो, त्याला सरासरी उपभोग प्रवृत्ती म्हणतात. ती पडत्या सालात १.३५ आहे, मधल्या सालात जवळजवळ १ आणि चांगल्या सालात सुमारे ०.८. सरासरी दर साली हलते, सीमांत जागची हलत नाही. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडलं होतं: उत्पन्न वाढलं की माणसं खर्च वाढवतात, पण वाढलेल्या उत्पन्नाइतका नाही.

आता ही रेघ मागे न्यायची. उत्पन्न १,००,००० असताना खर्च १,३५,००० आहे. त्यातले उत्पन्नामुळे झालेले ४०,००० वजा केले तर ९५,००० उरतात. म्हणजे या घराचं समीकरण असं:

खर्च = ९५,००० + ०.४ × उत्पन्न

हे ९५,००० म्हणजे स्वायत्त उपभोग, उत्पन्न किती आलं ते न विचारता होणारा खर्च. वहीत तो शोधायचा तर पडत्या सालातही ज्याला कात्री लागली नाही अशा नोंदी पाहाव्या लागतात. समजा, पाच जणांचं साधं दाणापाणी ५२,०००, वीज-गॅस-मोबाइल मिळून १३,०००, शाळा आणि एसटी १२,०००, आईची रोजची औषधं आणि आजारपण १०,०००, आणि नात्यातल्या लग्न-मयताला हात रिकामे नेता येत नाहीत म्हणून ८,०००. शेवटची रक्कम काही अर्थतज्ज्ञ चैनीत घालतील. वऱ्हाडात राहिलेला माणूस घालणार नाही. पाऊस पडला नाही म्हणून भाचीच्या लग्नात आहेर चुकवता येत नाही. तो चुकवला तर पुढच्या वर्षी त्याच घरी उसने मागायला जायची वाट बंद होते.

पण या ९५,००० विषयी एक सावधगिरी हवी. या घराचं उत्पन्न शून्य झालेलं कोणी पाहिलेलं नाही. वहीतला सर्वांत खालचा आकडा एक लाखाचा आहे. त्याच्या खाली रेघ आपण पट्टीने ओढली आहे. खरोखर शून्य उत्पन्नाचं साल आलं तर हे घर ९५,००० खर्च करू शकेलच असं नाही. दूध बंद होऊन कोरा चहा येईल, मोठ्या मुलाची शाळा सुटेल, गोळ्या दिवसाआड घेतल्या जातील. म्हणून स्वायत्त खर्च हा घराचा जगण्याचा किमान खर्च आहे असं समजणं चुकीचं. घराने आजवर अनुभवलेल्या चढउतारांच्या टापूत रेघ नीट बसावी यासाठी लागणारा तो आकडा आहे. टापूच्या बाहेर त्याची हमी कोणी देत नाही.

पडत्या सालात ३५,००० ची तूट आली, ती भरून कुठून निघाली? समजा दुकानाची उधारी ८,००० चढली, बायकोचा एक डाग गहाण ठेवून १५,००० आले आणि भावाकडून १२,००० उसने घेतले. समीकरणात स्वायत्त खर्च एका ओळीत शांतपणे बसतो. वहीत त्याच्यामागे दुकानदार, सोनार आणि मोठा भाऊ उभे असतात. ते मागे सरकले तर तो आकडाही खाली येतो. ज्या घराला उधार मिळत नाही त्या घराचा स्वायत्त खर्च कमी असतो, याचा अर्थ त्या घराच्या गरजा कमी आहेत असा नाही.

हेच सीमांत प्रवृत्तीच्या बाबतीत. पडत्या सालानंतर मधलं साल आलं, ६०,००० जास्त आले आणि त्यांतले २४,००० खर्च झाले. ६,००० दूध-तेलात गेले, ५,००० कपड्यांत, ६,००० पाहुण्यारावळ्यांत, ४,००० आईच्या लांबणीवर टाकलेल्या दवाखान्यात आणि ३,००० पोराच्या शिकवणीला. उरलेले ३६,००० 'बचत' झाले असं पुस्तक म्हणतं. बचत म्हटलं की डोळ्यांपुढे बँकेचं पासबुक येतं. पासबुकात मात्र फक्त हजार रुपये वाढले. बाकीचे ३५,००० म्हणजे या वर्षी न काढलेलं कर्ज. गेल्या सालासारखी तूट पुन्हा आली नाही, एवढंच. गेल्या सालचं कर्ज अजून तसंच उभं आहे. ते फिटलं चांगल्या सालात: शिल्लक राहिलेल्या ४९,००० मधून, व्याज बाजूला ठेवून, ३५,००० फेडीत गेले आणि १४,००० पुढच्या पेरणीला राहिले. कास्तकाराला भाव मिळाला तरी त्याच्या हाती पैसा दिसत नाही याचं अर्धं उत्तर इथे आहे. शंभरातले साठ तो खर्चत नाही, पण ते साठ त्याच्याजवळ थांबतही नाहीत.

इथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. तीन सालांची सरासरी काढली तर उत्पन्न १,६६,६६७ आणि खर्च १,६१,६६७ येतो. म्हणजे लांब पल्ल्यावर हे घर मिळकतीच्या शंभरातले सत्त्याण्णव खाऊन मोकळं होतं. मग सालागणिक पाहिलं तर वाढीव शंभरातले चाळीसच का? घर एक, वही एक, आणि उत्तरं दोन.

हा पेच फक्त भातकुलीचा नाही. अमेरिकेत सायमन कुझ्नेट्स यांनी अनेक दशकांची राष्ट्रीय उत्पन्नाची आकडेवारी जुळवली तेव्हा लोक श्रीमंत होत गेले तरी खर्चाचा वाटा फारसा घटला नव्हता. केन्स यांच्या रेघेप्रमाणे तो घटायला हवा होता. उलट एकाच वर्षी अनेक कुटुंबांची पाहणी केली की केन्स खरे ठरत. वरच्या उत्पन्नाची घरं कमी वाटा खर्चत. १९५७ मध्ये मिल्टन फ्रीडमन यांनी यावर जे उत्तर दिलं ते समजायला कोरडवाहू शेतकऱ्याइतकं चांगलं उदाहरण नाही. शेतकरी कुटुंबांची तुलना त्यांनी स्वतःही पुराव्यात घेतली होती, कारण त्यांचं उत्पन्न सालोसाल हेलकावे खातं आणि त्यांची सीमांत प्रवृत्ती इतरांपेक्षा कमी निघते.

फ्रीडमन यांचं म्हणणं असं. घर खर्च ठरवतं ते यंदा हाती आलेल्या रकमेवर नाही, आपली ऐपत साधारण किती आहे या अंदाजावर. आपल्या घराची ऐपत १,६६,००० च्या आसपास आहे हे त्या बाईला वही न उघडताही माहीत असतं. चांगल्या सालात त्याच्या वर आलेले ७३,००० हे तिच्या लेखी नशिबाचे आहेत, आणि पडत्या सालातली घटही नशिबाची. कायम उत्पन्नातला जवळजवळ सगळा पैसा खर्च होतो, नशिबाच्या पैशातला थोडाच. आपण ०.४ मोजलं ते या नशिबाच्या पैशाचं माप होतं. तालुक्याच्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या शेजाऱ्याच्या पगारात दरमहा हजाराची वाढ झाली तर तो त्यातले बहुतेक खर्च करतो, कारण पुढच्या महिन्यातही ते येणार आहेत. त्याला उधळा आणि कास्तकाराला काटकसरी म्हणणं सोपं आहे. दोघं एकाच नियमाने वागताहेत; फक्त एकाची वाढ टिकणारी आहे आणि दुसऱ्याची नाही.

सिद्धांत कडक धरला तर नशिबाच्या पैशातून काहीच खर्च व्हायला नको. मग चाळीस तरी कुठून आले? कारणं वहीतच सापडतात. चांगल्या सालात घराने कूलर आणि मोबाइल घेतला. तो खर्च त्याच साली लिहिला गेला, वस्तू मात्र पाच-सहा वर्षं वापरली जाईल. खरं तर तो बचतीसारखाच आहे, पैसा वस्तूच्या रूपात ठेवला एवढंच. दुसरं, पडत्या सालात हात बांधलेले असतात. ऐपतीप्रमाणे १,६१,००० खर्चायची इच्छा असली तरी उधारी, गहाण आणि उसनवारी मिळून ३५,००० वर जात नाहीत, म्हणून खर्च १,३५,००० वर अडतो. कर्ज मिळालं असतं तर रेघ आणखी आडवी दिसली असती. तिसरं कारण सर्वांत अवघड आहे. आलेल्या पैशातला कुठला नशिबाचा आणि कुठला कायमचा, हे त्या वेळी सांगता येत नाही.

वऱ्हाडाने याचा मोठा धडा अलीकडेच घेतला. २०२१-२२ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५,७२६ रुपये क्विंटल होता आणि बाजारात कापूस १०,००० च्या वर गेला. पुढच्या हंगामात भाव उतरला तेव्हा अनेकांनी तो पुन्हा दहाच्या वर जाईल म्हणून कापूस घरात भरून ठेवला. खोलीत छतापर्यंत कापूस आणि किराण्याला उधारी, असं चित्र त्या वर्षी गावोगाव होतं. ज्याने दहा हजार हा एका वर्षाचा योग मानला त्याचा खर्च थोडा वाढला आणि देणी फिटली. ज्याने तो कापसाचा नवा भाव मानला त्याने ऐपतीचा अंदाजच वर सरकवला आणि फटफटीचा हप्ता बांधून घेतला. दोघांचं त्या सालचं उत्पन्न सारखं असूनही सीमांत प्रवृत्ती वेगळी निघेल. दुसऱ्याला मूर्ख म्हणायची घाई मी करणार नाही. भाव टिकला असता तर तोच दूरदर्शी ठरला असता.

हा फरक सरकारी पैशालाही लागू होतो. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० होतात. तुरीच्या चांगल्या भावाने तेवढेच १८,००० फेब्रुवारीत एकदम आले तर त्यांची वाट वेगळी असते. पहिली रक्कम थोडी-थोडी, ठरावीक काळाने आणि बाईच्या खात्यात येते. ती चालू राहील असा भरवसा असेपर्यंत किराण्यात आणि शिकवणीत मुरते. दुसरी रक्कम कर्जाच्या खड्ड्यात जाते. योजना बंद होईल अशी चर्चा सुरू झाली की पहिल्या रकमेचा खर्चही आखडतो, पैसे तितकेच येत असले तरी.

स्वतःच्या वहीवर हा प्रयोग करणाऱ्यांसाठी एक इशारा. महिन्या-महिन्याचे आकडे घेऊन रेघ काढू नये. जुलैत उत्पन्न जवळजवळ शून्य आणि खर्च अकरा-बारा हजार, नोव्हेंबरात उत्पन्न साठ-सत्तर हजार आणि खर्च वीस हजार. यातून सीमांत प्रवृत्ती अकरा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास निघेल, आणि तीही खोटी. कारण नोव्हेंबरातल्या वाढीव खर्चात दिवाळी आहे. दिवाळी आणि कापसाचा पैसा एकाच सुमाराला येतात, त्यामुळे पणत्या-फराळ-कपड्यांचा खर्च उत्पन्नाने वाढला की सणाने, हे त्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. पगारदार शेजारीही दिवाळीत तेवढाच वाढीव खर्च करतो, त्याला तर कापूस नाही. उपाय साधा आहे: नोव्हेंबरची तुलना जुलैशी न करता दुसऱ्या सालच्या नोव्हेंबरशी करायची. किंवा सरळ पूर्ण साल धरायचं, जूनपासून मेपर्यंत. जानेवारीपासून धरलं तर एकाच हंगामाचा कापूस दोन सालांत फाटतो.

नशिबाचा पैसा आणि कायमचा पैसा यांतला फरक या कल्पित घरात पाहायचा असेल तर त्याच्या वावरात शेततळं बसवून बघू. भूजल खारं असल्याने या पट्ट्यात पावसाचं पाणी साठवणं हाच ओलिताचा मार्ग राहतो. समजा तळ्यामुळे एक-दोन संरक्षित पाळ्या देता येऊ लागल्या आणि दर सालचं उत्पन्न सरासरी ४०,००० नी वाढलं. पहिल्या वर्षी घर त्यातले सोळा हजार खर्चेल, जुन्या रेघेवरच चालत. तळं खरंच पाणी धरतं की नाही याचा भरवसा अजून आलेला नाही. दोन-तीन पावसाळे गेले, वाढ टिकली, की खर्च ३९,००० च्या आसपास वाढलेला दिसेल. मुलगी अमरावतीला शिकायला जाईल, दूध रोजचं होईल. आता पुन्हा समीकरण मांडलं तर ०.४ तसंच राहील, पण ९५,००० ची जागा १,१८,००० ने घेतलेली असेल. जो खर्च आधी 'वाढीव' होता तो 'स्वायत्त' झाला. पडत्या सालातही मुलीला वसतिगृहातून परत आणलं जाणार नाही. स्वायत्त खर्च हा दगडावरचा आकडा नाही, ऐपतीच्या अंदाजाबरोबर तो सरकतो, म्हणूनच कुझ्नेट्स यांच्या लांब पल्ल्याच्या आकडेवारीत रेघ उभी दिसली होती.

हे सगळं कागदावरचं घर झालं. खरी घरं मोजली गेली ती शेजारच्या अकोला जिल्ह्यात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७५ पासून काही गावांच्या सविस्तर नोंदी ठेवल्या. त्यांत मूर्तिजापूर तालुक्यातलं कानझरा होतं. प्रत्येक गावातली चाळीस घरं निवडली होती, तीस कास्तकारांची आणि दहा भूमिहीनांची. गावात राहणारा तपासनीस ठरावीक आठवड्यांनी घरोघर जाऊन काय विकलं, काय खाल्लं, कोणाला काय दिलं ते लिहून घेई. विकसनशील जगातल्या घरखर्चाबद्दल जे काही ठामपणे म्हटलं जातं त्यातला काही महत्त्वाचा भाग या वह्यांवर उभा आहे, आणि त्यातला एक गठ्ठा कानझऱ्याचा आहे.

रॉबर्ट टाउनसेंड यांनी कानझरा, सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि तेलंगणातलं औरेपल्ले या गावांच्या वह्या घेऊन १९९४ मध्ये प्रश्न विचारला: एखाद्या घराचं स्वतःचं उत्पन्न घटलं तर त्याचा खर्च किती घटतो? उत्तर आश्चर्याचं होतं. घराचा खर्च स्वतःच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरी खर्चाबरोबर जास्त हलत होता. एकाची बोंडं गळली तरी त्याची चूल गावाच्या चुलीबरोबर पेटत होती. आपल्या वहीतली उसनवारी, उधारी आणि आहेर हे देणंघेणं मिळून एक विमाच चालवत होतं, असा त्याचा अर्थ. पण गावाच्या सगळ्याच वावरांत पाऊस पडला नाही तर हा विमा कोरडा पडतो, कारण उसने देणाऱ्या भावाकडेही काही नसतं. याच वह्यांवर काम करताना मार्क रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये दाखवलं की लेकी दूरच्या गावी देण्यात हा हिशेबही असतो. तिथला पाऊस वेगळा, म्हणून तिथले व्याही मदतीला येऊ शकतात. आणि रोझेन्झ्वाइग व केनेथ वोल्पिन यांनी १९९३ मध्ये मांडलं की अशा सालात कास्तकार बैल विकून घर चालवतो. खर्च त्या साली सावरतो, पण पुढच्या पेरणीला जोडी नसते, म्हणजे त्याची किंमत पुढच्या सालच्या उत्पन्नातून वसूल होते.

टाउनसेंड यांच्या निष्कर्षावर मार्टिन रॅव्हेलियन आणि शुभम चौधुरी यांनी १९९७ मध्ये हरकत घेतली. त्याच गावांचे आकडे दुसऱ्या रीतीने तपासल्यावर स्वतःच्या उत्पन्नाचा खर्चावरचा परिणाम टाउनसेंड म्हणाले त्यापेक्षा मोठा निघाला. मला हे जास्त पटतं. खुद्द टाउनसेंड यांनाही तीनपैकी एका गावात भूमिहीनांचा हा विमा शेजाऱ्यांपेक्षा दुबळा आढळला होता. कारण उघड आहे: गहाण ठेवायला डाग नाही, विकायला बैल नाही, आणि दुकानदार उधारी देताना वावर किती आहे ते आधी विचारतो. अशा घराला वेचाईचे शंभर रुपये जास्त मिळाले तर पंच्याण्णव आठवडी बाजारातच संपतात, आणि वेचाई बुडाली तर त्याच आठवड्यात ताटातलं तेवढंच कमी होतं.